एका आकड्यात न मावणारे अवमंदन

दोन उभ्या पोलादी पट्ट्या आणि त्यांच्या माथ्यावर आडवी बसवलेली जड प्लेट, ही झाली एकमजली इमारतीची सर्वांत साधी प्रतिकृती. प्लेट बाजूला ओढून सोडली की चौकट डोलू लागते आणि हळूहळू शांत होते. या शांत होण्याच्या वेगावरून अवमंदन गुणोत्तर काढण्याचा प्रयोग अनेक प्रयोगवह्यांत असतो. आम्ही पाहिलेल्या बहुतेक वह्यांत त्याची रीत एकच होती. लागोपाठची दोन शिखरे मोजायची, त्यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्यायचा, त्याला २π ने भागायचे आणि आलेला आकडा दशांशचिन्हापुढे चार-पाच स्थळांपर्यंत लिहायचा. सूत्र बरोबर आहे. आमची हरकत आहे ती ते दोनच शिखरांवर लावण्याला.

आमची चौकट घ्या. पट्ट्या ३० सेंटीमीटर उंच व १ मिलिमीटर जाड, माथ्यावर पावणेदोन किलोच्या आसपास वजन. सेकंदाला दोनहून किंचित जास्त दोलने होतात. मागे मोजपट्टी उभी करून मोबाइलवर सेकंदाला ३० चित्रे टिपली, म्हणजे एका दोलनात सुमारे १५ चित्रे आली. नेमके शिखर दोन चित्रांच्या मधे पडले, तर ते जास्तीत जास्त १२ अंशांच्या कलेने हुकते आणि आयाम २ टक्क्यांनी कमी दिसतो. २० मिलिमीटरच्या आयामात हे जवळजवळ अर्धा मिलिमीटर झाले. आता चौकटीचा आयाम एका दोलनात घटतो किती? तर ४ टक्क्यांच्या आसपास! पहिले शिखर २०.० आणि दुसरे १९.१ मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ०.७३ टक्के येते. पण दुसरे शिखर मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर तेच ०.३२ ते १.१६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही येईल. मग त्या चार-पाच स्थळांना काय अर्थ राहतो?

उपाय सोपा आहे. शेजारचे शिखर सोडून n दोलनांनंतरचे शिखर घ्यावे:

δ = (1/n) ln(x₀/xₙ),  ζ ≈ δ/2π

(लॉग टेबलातला दहा पायाचा लॉग वापरल्यास त्याला २.३०३ ने गुणायला विसरू नये.) दहा दोलनांनंतर आमच्या चौकटीचा आयाम १२.७ मिलिमीटर होता. यातून गुणोत्तर ०.७२ टक्के येते, आणि तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक आता ते फक्त ०.६६ ते ०.७९ एवढेच हलवते.

इथे थांबलो असतो तर खरी गंमत हुकली असती. पुढच्या प्रत्येक दहा दोलनांनंतर आयाम ७.९, ४.६ आणि २.४ मिलिमीटर होते. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे गुणोत्तर काढले, तर ०.७२, ०.७६, ०.८६ आणि १.०४ टक्के अशी चढती मालिका मिळते. एकाच चौकटीची, एकाच वेळच्या डोलण्यातली चार उत्तरे!

पहिला संशय शून्यरेषेवर घ्यावा. मोजणीचा शून्य मधोमध नसेल, तर लहान आयामांत त्याची चूक मोठी दिसते. म्हणून उजव्या शिखरापासून डाव्या शिखरापर्यंतचे अंतर मोजून त्याचे निम्मे घ्यावे. वरचे सर्व आकडे तसेच घेतलेले आहेत, तेव्हा दोष तिथे नाही.

दोष आहे तो सूत्रामागच्या गृहीतकात. लघुगणकीय घटीचे सूत्र असे मानते, की विरोधी बल वेगाच्या प्रमाणात असते. तसे असेल तरच दर दोलनाला आयामाचा ठरावीक अंश जातो. पण पट्टी आणि प्लेट यांच्या स्क्रूंपाशी कोरडे घर्षण असते. ते अंश न पाहता दर दोलनाला ठरावीक मिलिमीटर खाते. आमच्या आकड्यांवरून ते दहा दोलनांना सुमारे ०.७ मिलिमीटर असावे. पहिल्या तुकड्यातील ७.३ मिलिमीटर घटीत तो दहावा हिस्सा आहे, शेवटच्या तुकड्यातील २.२ मध्ये मात्र जवळजवळ तिसरा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या आयामात हे ०.७ परत मिळवून पाहिले, तर चारही ठिकाणी गुणोत्तर ०.६२ ते ०.६४ टक्क्यांत बसते.

शिक्षकांनी हे आलेखावर दाखवावे. आयामाचा लॉग आणि दोलनांची संख्या यांचा आलेख सरळ आला तर सूत्र लागू आहे. तो शेवटाकडे खाली वाकला तर घर्षणाचा संशय घ्यावा. स्क्रू थोडे सैल करून प्रयोग पुन्हा केला की वाक वाढतो. घर्षणच वरचढ असेल तेव्हा शिखरे साध्या आलेखकागदावरच सरळ रेषेत उतरतात. माथ्यावर रुंद पुठ्ठा उभा लावला तर मोठ्या आयामांत हवेचा विरोध जास्त भरतो. मग वाक उलटा येतो: आधी तीव्र उतार, नंतर मंद.

खऱ्या इमारतींतही गुणोत्तर आयामानुसार बदलते, पण तिथे ते बहुधा हादऱ्याबरोबर वाढते, कारण मोठ्या हालचालीत सांधे अधिक घसरतात आणि भेगा उघडझाप करतात. भारतीय भूकंप संहितेतला ५ टक्क्यांचा आकडा तशा जोरदार हादऱ्यासाठी गृहीत धरलेला आहे. टेबलावरच्या चौकटीचे उत्तर त्याच्याशी जुळवू पाहणे व्यर्थ. वहीत मात्र ‘०.००७३२’ असे न लिहिता ‘०.७ टक्के, आयाम २० ते १३ मिलिमीटर’ असे लिहावे, आणि शेजारी आलेख चिकटवावा.