सहीची संमती आणि पडद्यावरची फूलन

जिवंत माणसावर चित्रपट काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘परवानगी घेतली का?’ ‘बँडिट क्वीन’च्या बाबतीत याचं उत्तर सोपं नाही, म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

१९८३ साली शरण आलेली फूलन देवी ११ वर्षं तुरुंगात होती. तिथे तिने सांगितलेल्या हकिकतींच्या आधारे माला सेन यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यावरून शेखर कपूर यांचा चित्रपट झाला. कागदपत्रं झाली होती. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या, कैदेत असलेल्या बाईने दिलेली संमती नेमकी कशाला होती? स्वतःची गोष्ट सांगायला, की दुसऱ्याने ती बदलून दाखवायला? १९९४ मध्ये सुटून आल्यावर चित्रपटावर हरकत घेत ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. चित्रपट बनवताना तिला विचारलं नाही, पूर्ण झाल्यावर दाखवलाही नाही, यावर अरुंधती रॉय यांनी त्याच वर्षी कडक टीका केली होती.

आता कायदा बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल खटल्यात म्हटलं होतं की सार्वजनिक दस्तऐवजात असलेलं आयुष्य संमतीशिवायही लिहिता येतं. त्यापलीकडे गेलात तर जबाबदारी तुमची. आणि याच निकालात एक अपवाद आहे, ज्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही: लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव आणि तो प्रसंग, दस्तऐवजात असला तरीसुद्धा, जाहीर करून तिची विटंबना करू नये. फूलनचं प्रकरण तंतोतंत इथे बसतं. न्यायालयाने डिसेंबर १९९४ मध्ये प्रदर्शनाला अंतरिम मनाई केली.

दुसरी अडचण बेहमईची. १९८१ च्या त्या हत्याकांडातला आपला हात फूलन नाकारत होती आणि खटले अजून निकाली लागले नव्हते. एफआयआर हा सार्वजनिक कागद खरा, पण तो आरोप आहे, निष्कर्ष नव्हे. त्यातला प्रसंग घडलाच म्हणून दाखवलात, तर बदनामीच्या दाव्यात तो सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. बरं, सुरुवातीलाच ‘ही सत्यकथा आहे’ अशी पाटी लावली की कल्पनेची ढालही हातातून जाते. पाटी लावणाऱ्याला हे कळत नाही असं नाही. पण तिकीट तीच खपवते ना!

शेवटी तडजोड झाली, पैसे मिळाले, फूलनने हरकत मागे घेतली. सर्वोच्च न्यायालयातला १९९६ चा प्रसिद्ध निकाल वेगळा आहे: तो अश्लीलतेबद्दल आणि सेन्सॉर प्रमाणपत्राबद्दल होता, तक्रार करणारी व्यक्तीही वेगळी होती. अनेक लेखांत हे दोन्ही निकाल एकत्र केले जातात आणि मग ‘कोर्टाने चित्रपट मान्य केला’ असा अर्थ निघतो. फूलनच्या खासगीपणाचा प्रश्न मात्र तडजोडीमुळे निकालापर्यंत पोहोचलाच नाही.

चित्रपट म्हणून तो ताकदीचा आहे, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार त्या बलात्काराच्या दृश्यांशी आहे. ती बघताना प्रेक्षक हळहळतो, पण ती जिच्यावर बेतली आहेत ती बाई तेव्हा जिवंत होती, आणि नको म्हणत होती.