निवेदक हळू बोलला की गजर वर का येतो?

गेल्या आषाढीला आमच्या गावच्या भजनी मंडळाने वारीवर अकरा मिनिटांचा ऑडिओ तयार केला. एका काकांचं निवेदन आणि मागे विठ्ठलनामाचा गजर. काका बोलायला लागले की गजर खाली जातो, थांबले की पुन्हा वर येतो. याला ‘डकिंग’ म्हणतात. आजीने तो मोबाईलवर लावला. पहिली आठ मिनिटं ती मान डोलवत होती. मग राऊळाच्या दाराशी पोहोचल्याचं वर्णन आलं, काकांचा आवाज भरून आला, हळू झाला, आणि आजीने मला विचारलं, "काय म्हणाले गं ते?"

मलाही कळलं नव्हतं. म्हणजे अख्ख्या निवेदनातलं जे वाक्य ऐकायला लोक थांबले होते, नेमकं तेच गजराने गिळलं. माझी टीका या एका जागेवरच आहे. बाकी ऑडिओ चांगला आहे. सुरुवातीला पूर्ण मिनिटभर नुसता गजर चालू ठेवायचं धाडस आवडलं, आणि गजर त्यांनी स्वतः गायलेला आहे, कुठून उचललेला नाही.

ज्या मुलाने मिक्सिंग केलं त्याच्याकडून दोन्ही मूळ ट्रॅक आणि त्याने वापरलेली आज्ञा मागून घेतली. ती अशी:

```
ffmpeg -i gajar.wav -i nivedan.wav -filter_complex \
"[1:a]asplit=2[sc][v]; \
[0:a][sc]sidechaincompress=threshold=0.03:ratio=8:attack=20:release=300[bg]; \
[bg][v]amix=inputs=2:normalize=0" mix.wav
```

यात चूक काहीच नाही. निवेदनाच्या दोन प्रती होतात. एक ऐकायला जाते, दुसरी गजराच्या कंप्रेसरला ‘आता दाब’ असं सांगायला. निवेदनाची पातळी थ्रेशोल्डच्या वर गेली की गजर दाबला जातो.

पण किती दाबला जातो? इथे थोडं गणित करू. 0.03 म्हणजे सुमारे −30 डेसिबल. ratio 8 म्हणजे थ्रेशोल्डच्या वर जेवढं असेल त्याचा आठवा भाग उरतो, बाकीचे सात भाग गजरातून वजा होतात. काका नेहमीच्या आवाजात बोलतात तेव्हा निवेदन −18 च्या आसपास असतं, म्हणजे थ्रेशोल्डच्या 12 वर. गजर साधारण साडेदहा डेसिबल खाली जातो. गजर मुळात −20 वर आहे, तो −30.5 ला येतो. आवाज गजरापेक्षा साडेबारा डेसिबल वर. छान.

आता राऊळाचं दार. इथे काकांचा आवाज −27 वर उतरतो. थ्रेशोल्डच्या फक्त 3 वर. गजर जेमतेम अडीच डेसिबल दबतो आणि −22.5 वर राहतो. म्हणजे निवेदन गजराच्या साडेचार डेसिबल खाली गेलं. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बघा. निवेदक मोठ्याने बोलतो, म्हणजे मदतीची गरज कमी असते, तेव्हा गजर खूप दबतो. तो हळू बोलतो, गरज सर्वात जास्त असते, तेव्हा गजर जवळजवळ दबतच नाही. साइडचेन कंप्रेसरचा हा स्वभावच आहे. तो आवाज किती मोठा आहे ते बघतो. कोणी बोलतंय का, हा प्रश्न तो विचारत नाही.

मागे नुसता तानपुरा असता तर कदाचित निभावलं असतं. गजराचं तसं नाही, कारण गजरात शब्द आहेत, आणि तेही मराठीच. एका कोलाहलातून एकच बोलणं आपण कसं वेगळं काढतो, यावर कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रयोग केले. त्यानंतरच्या कामातून स्पष्ट झालं की ध्वनी झाकला जाण्याचे दोन प्रकार असतात. एकात मागच्या आवाजाची ऊर्जाच त्या जागी जास्त असते. दुसऱ्यात ऊर्जा कमी असूनही मन गोंधळतं, कारण दोन्हीकडे ओळखीचे शब्द आहेत. गजरात दोन्ही एकदम घडतं. टाळांची ऊर्जा वरच्या कंपनांत असते, तिथेच स, श, च यांसारखी व्यंजनं झाकली जातात, आणि नाम तर आपोआप कानात शिरतंच.

तिसरी खटकणारी गोष्ट `release=300`. काका दोन वाक्यांमध्ये दीड-दोन सेकंद थांबतात. 300 मिलिसेकंदांमुळे गजर प्रत्येक विरामात उसळी मारतो आणि पुढचं वाक्य सुरू होताच नामाच्या मध्येच तुटतो. कोणीतरी सारखं दार उघडतंय-लावतंय असं वाटतं.

मग मी काय बदललं? आधी निवेदन स्वतंत्रपणे सारखं केलं. हळू वाक्यं हाताने थोडी वर घेतली, −27 ची −22 केली. त्याहून जास्त नाही, कारण भरून आलेला आवाज बातम्या वाचल्यासारखा वाटायला नको. मग साइडचेनऐवजी ऑडॅसिटीतलं ‘Auto Duck’ वापरलं. (निवेदनाचा ट्रॅक गजराच्या लगेच खाली ठेवावा लागतो.) ते आवाज थ्रेशोल्डच्या वर आहे की नाही एवढंच बघतं आणि ठरलेल्या मापाने दाबतं. मी 16 डेसिबल ठेवले. गजर −36 ला आला. नेहमीच्या आवाजात अंतर 18, हळू आवाजात 14. विरामाची मर्यादा मुळात 1 सेकंद असते, ती 3 केली. आता गजर फक्त परिच्छेद संपल्यावर वर येतो. तो नामाच्या सुरुवातीला, समेवर उघडावा म्हणून त्या सात-आठ जागा हाताने सरकवल्या. हे काम कुठलाही फिल्टर करत नाही, कारण त्याला सम कळत नाही. शेवटी, निवेदन चालू असताना गजरातला 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग आणखी थोडा कमी केला.

अजून खाली का नाही नेलं? वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेसाठी असलेल्या निकषांच्या सर्वात कडक पातळीवर मागचा आवाज बोलण्यापेक्षा निदान 20 डेसिबल खाली असावा असं सांगितलं आहे. कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तो योग्यच आहे. पण मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर पखवाज आधीच गेलेला असतो. 20 वर उरते ती टाळांची बारीक किणकिण, आणि वारीतून नाम काढून टाकल्यासारखं होतं. म्हणून मी 14 ते 18 वर थांबले. ही तडजोड आहे, आणि ज्याला ती चालत नाही त्याच्यासाठी गजराशिवायचं नुसतं निवेदन वेगळं द्यावं.

असं काही तपासायचं असेल तर हेडफोनवर आणि स्वतःच्या कानांवर विसंबू नका. तुम्हाला संहिता पाठ असते, त्यामुळे न ऐकलेला शब्दही ऐकू येतो. संहिता न वाचलेल्या माणसाला मोबाईलवर, कमी आवाजात, सर्वात हळू बोललेली तीस सेकंदं ऐकवा आणि त्याने जे ऐकलं ते लिहून घ्या. चुकलेले शब्द मोजा. सरासरी पातळी इथे फसवते. अकरा मिनिटांची सरासरी आमच्या पहिल्या मिक्समध्येही उत्तम होती. बिघडलं होतं ते एकाच वाक्यात.

नवीन मिक्स आजीला ऐकवला. दाराशी पोहोचल्यावर तिने काही विचारलं नाही.