गोगलगाय होती का?

लंडनमध्ये कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मैत्रिणीने तिची केस समरी वाचायला पाठवली. केस तीच, सगळ्यांची पहिली: डोनाह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, 1932. एक पान, भाषा स्वच्छ. पण खाली उतरत गेलं की एकेक खिळा ढिला लागतो.

पहिलंच वाक्य: ‘डोनाह्यूबाईंनी जिंजर बिअर विकत घेतली.’ नाही घेतली! 1928च्या ऑगस्टमध्ये, पेझलीच्या कॅफेत, पैसे दिले तिच्या मैत्रिणीने. किरकोळ चूक वाटेल, पण अख्खी केस या तपशिलावर उभी आहे. स्वतः विकत घेतली असती तर कॅफेवाल्याशी करार झाला असता आणि त्याच्यावर दावा लावता आला असता. करार नाही, म्हणून तिला थेट बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनकडे जावं लागलं.

त्यामुळे पुढे मुद्दाही घसरलाय. ती लिहिते, ‘बाटलीत गोगलगाय होती का, हा प्रश्न होता.’ हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर तो प्रश्नच नव्हता. बाई म्हणतात ते सगळं खरं धरलं, तरी कायद्यात दावा उभा राहतो का, एवढंच विचारलं होतं. म्हणजे, करार नसलेल्या ग्राहकाबाबत काळजी घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे का? पुरावा घेण्याची वेळ नंतर यायची होती. ती आलीच नाही. स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. गोगलगाय कोर्टात कधी सिद्धच झाली नाही. म्हणून ‘कोर्टाने भरपाई दिली’ हे शेवटचं वाक्यही खोडावं लागेल. लॉर्ड्सनी अपील मंजूर केलं, तेही 3 विरुद्ध 2 अशा मतांनी, आणि दावा चालू राहू दिला. विरोधातले दोघं, बकमास्टर आणि टॉमलिन, समरीत कुठेच नाहीत.

तर्काच्या भागात तिने लॉर्ड अ‍ॅटकिनचं ‘शेजारी’ तत्त्व छान समजावलंय: आपल्या वागण्याने ज्याला इजा होईल हे आधीच दिसायला हवं, तो कायद्याने आपला शेजारी. हा परिच्छेद मला सगळ्यात आवडला. पण तेच तिने निर्णय म्हणून खाली उतरवलंय. बहुमतातल्या थँकर्टन आणि मॅकमिलन यांनी इतक्या रुंद शब्दांत काही मांडलेलं नाही. निर्णय त्याहून अरुंद आहे, आणि त्याच्या अटी तिच्याच पहिल्या परिच्छेदात पडून आहेत. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती, हे ती नुसतं वर्णन म्हणून लिहून गेलीय. खरं तर तीच अट: माल कारखान्यातून निघाला त्याच रूपात ग्राहकापर्यंत पोचणार, मध्ये कुणी तपासण्याची रास्त शक्यता नाही, आणि हयगय झाली तर इजा होईल हे उत्पादकाला ठाऊक आहे. असं असेल तर जबाबदारी त्याची.

मी तिला एवढंच कळवलं: काचेचा रंग वरून काढून खाली, निर्णयात ने.