आवाज बरोबर, अक्षर चूक

पॉडकास्टमध्ये अक्षरं दाखवता येत नाहीत, म्हणून हा विषय लिहूनच मांडावा लागतोय. चिनी व्हिडिओ नियमित बघणाऱ्या कुणाशीही बोला, पडद्याच्या तळाशी येणाऱ्या सबटायटल्समधल्या चुकांबद्दल तक्रार ऐकायला मिळते. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पण कळतं की!" कुणाला कळतं, एवढंच मला इथे विचारायचं आहे.

आधी चूक होते कशी ते बघू. तुम्ही मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहीत असाल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. `kal` टाइप केलं की काल, काळ, कळ असे पर्याय समोर येतात आणि घाईत पहिल्यावरच बोट पडतं. चिनी लिहिणारे बहुतेक जण असंच लिहितात. उच्चार रोमन अक्षरांत टाइप करायचा (या पद्धतीला पिनयिन म्हणतात) आणि खाली आलेल्या यादीतून अक्षर निवडायचं. फरक प्रमाणाचा आहे. मँडरिनमध्ये सूर सोडून दिले तर उच्चारांचे सुमारे 400 तुकडेच उरतात, आणि रोजच्या वापरातली अक्षरं मात्र काही हजार. बोलताना चार सूर मदतीला असतात. टाइप करताना सूर सहसा कुणी देत नाही.

एक उदाहरण पूर्ण बघू. समजा, घरगुती व्हिडिओमध्ये नात सांगतेय की आजोबांचा चष्मा मोडला. तिचं वाक्य असं लिहायला हवं: 爷爷的眼镜坏了. चष्मा म्हणजे 眼镜, डोळे म्हणजे 眼睛. टाइप करताना दोन्ही `yanjing`. बोलताना मात्र दुसऱ्या तुकड्याचा सूर वेगळा आहे: चष्म्यात तो वरून खाली जोरात पडतो, डोळ्यात तो हलका, जवळजवळ गिळलेला असतो. सबटायटल लिहिणाऱ्याने यादीतलं पहिलं घेतलं आणि तिथे 眼睛 होतं, तर पडद्यावर आलं की आजोबांचे डोळे गेले. ऐकणाऱ्याच्या कानात चष्माच पडतो, तो हसून पुढे जातो. आवाज बंद करून बघणारा काही क्षण आजोबांच्या डोळ्यांची काळजी करत बसतो.

इथे एक खूणगाठ उपयोगी पडते. चुकीचं अक्षर ऐकायला जवळचं आणि दिसायला लांबचं असेल, तर ते बहुधा पिनयिनमधून आलंय. उलट 自己 (स्वतः) ऐवजी 自已 दिसलं, तर गोष्ट वेगळी. 己 आणि 已 यांचे उच्चार `ji` आणि `yi`, म्हणजे पिनयिनच्या एका यादीत ती भेटतच नाहीत. ती फक्त दिसायला सारखी. ही चूक अक्षराच्या आकारावरून टाइप करणाऱ्याची असते, किंवा चित्रात कोरलेल्या जुन्या सबटायटल्स यंत्राने वाचून काढल्या असतील तर त्या यंत्राची. आणि काही "चुका" मुद्दाम केलेल्या असतात. 和谐 (सुसंवाद) हा सरकारी शब्द सेन्सॉरशिपच्या संदर्भात टोमणा म्हणून वापरायचा, तर लोक 河蟹 म्हणजे नदीतला खेकडा लिहू लागले. त्याला चूक म्हणणं म्हणजे विनोदाची शुद्धलेखन तपासणी.

सगळ्यात त्रासदायक मला 在 आणि 再 ही जोडी वाटते, कारण इथे सूरसुद्धा सारखाच आहे. दोन्ही `zai`, दोन्ही चौथ्या सुरात. 在 म्हणजे असणं किंवा क्रिया चालू असणं. 再 म्हणजे पुन्हा, आणखी. "मी अजून विचार करते" हे 我再想想. गुळमुळीत नकार द्यायचीही हीच रीत. सबटायटलमध्ये 我在想想 आलं, तर व्याकरण अडखळतं आणि नकाराची छटा निघून जाते. चष्म्याची चूक चित्र बघून दुरुस्त करता येते. ही चूक मात्र भाषा आधीच पक्की असणाऱ्यालाच दुरुस्त करता येते. शिकणाऱ्याला ती चूक आहे हेच कळत नाही; तो तसंच शिकतो.

तरीही दोन दोषांपैकी मी अक्षराच्या चुकीला सौम्य मानतो. ओळ चुकीच्या जागी तोडणं हा मोठा दोष, आणि त्याबद्दल तक्रार मात्र कमी.

चिनी लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. मोडी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. त्यात चिनी सबटायटल्समध्ये स्वल्पविराम, पूर्णविरामही सहसा गाळतात. उरते फक्त ओळ. म्हणजे ओळ जिथे तुटते, तिथे वाचणारा शब्द संपला असंच धरतो. आता हे वाक्य बघा, "आमची प्रयोगशाळा गेली काही वर्षं जीवनाच्या उगमावर संशोधन करते आहे":

我们实验室这几年一直在研究生命的起源

अठरा अक्षरं. आडव्या पडद्यावर कदाचित कशीबशी मावतील. उभ्या मोबाइल व्हिडिओत मोठा टाइप घेतला आणि ओळीत चौदाच मावली, तर सॉफ्टवेअर मोजून चौदाव्यानंतर तोडतं:

我们实验室这几年一直在研究生
命的起源

研究 म्हणजे संशोधन, 生命 म्हणजे जीवन. पण 研究生 हा स्वतंत्र शब्द आहे: पदव्युत्तर विद्यार्थी. पहिली ओळ वाचणारा "आमची प्रयोगशाळा गेली काही वर्षं पदव्युत्तर विद्यार्थी..." इथे येऊन थांबतो. (आपल्यापैकी काहींना यात सत्यही दिसेल.) दुसऱ्या ओळीत उरलेल्या एकट्या 命 चा अर्थ प्राण किंवा नशीब, म्हणून तिथे "नशिबाचा उगम". मग मागे जाऊन दोन्ही ओळी पुन्हा जोडायच्या. दोन्ही ओळी एकदम पडद्यावर असतील तर हे जमतं. पण बऱ्याच व्हिडिओंत दुसरी ओळ पुढच्या तुकड्यात येते, आणि तोवर पहिली गेलेली असते. लक्षात घ्या, या वाक्यात एकही अक्षर चुकीचं नाही. अक्षरं तपासणाऱ्याला यात काहीच सापडणार नाही.

आता त्या "कळतं की" कडे येतो. चीनमध्ये टीव्हीवर स्वभाषेतलीच सबटायटल्स सर्रास असतात, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे मँडरिन सगळ्यांची घरची बोली नाही. कँटोनीज किंवा वू बोलणाऱ्या आजी उच्चारापेक्षा अक्षरांवर जास्त विसंबतात. कर्णबधिर प्रेक्षकाला तर दुसरा आधारच नसतो. पिनयिनची चूक सुधारायची किल्ली आवाजात असते, आणि सबटायटलची खरी गरज असते ती नेमकी ही किल्ली हातात नसणाऱ्याला. "कळतं की" म्हणणारा बहुतेकदा ऐकूनच समजून घेत असतो. सबटायटल त्याला शोभेपुरतं.

मग हौशी लोकांनी फुकटात केलेल्या कामाला इतकं सोलायचं का, असं तुम्ही विचाराल. चित्रपटाला रात्रभर जागून सबटायटल देणाऱ्या टोळक्याला मी 在-再 माफ करतो. पण स्वतःच्याच दहा मिनिटांच्या व्हिडिओला ओळी लावणाऱ्याला सॉफ्टवेअरने तोडलेली ओळ एकदा डोळ्यांखालून घालता येते. वरच्या वाक्यात आठव्या अक्षरानंतर एकदा एंटर दाबायचं होतं:

我们实验室这几年
一直在研究生命的起源

आठ आणि दहा. दोन्ही ओळी मावतात, वरची "आमची प्रयोगशाळा, गेली काही वर्षं" इथे श्वास घेते, आणि विद्यार्थी कुठेच येत नाहीत.