ओळीत नामा, मथळ्यात कबीर



सांगलीच्या विश्रामबागेत एका सप्ताहात वाटलेले चार पानी पत्रक माझ्यासमोर आहे. पत्रक भक्तिभावाने काढलेले आहे, छपाईही नेटकी आहे. त्यात एक हिंदी दोहा दिला आहे. नामदेव त्रिलोचनांना सांगतात की मुखाने रामाचे स्मरण ठेव, हातापायांनी सगळी कामे कर आणि चित्त निरंजनापाशी असू दे, असा त्याचा भाव. खाली लिहिले आहे, ‘संत नामदेव, गुरुग्रंथसाहिब, पृष्ठ १३७६’. हाच दोहा याच नावाने आपण कीर्तनातही ऐकला असेल. पत्रककर्त्याने आकडा दिला हे चांगलेच केले. बहुतेक जण तेवढेही करत नाहीत. पण आकड्यावरून आपण मूळ ओळीपर्यंत गेलो, तर तिथे नामदेवांचा मथळा सापडत नाही.

आधी त्या आकड्याविषयी. शीख बांधव ग्रंथाला गुरू मानतात, म्हणून त्याच्या पानाला पान न म्हणता ‘अंग’ म्हणतात. आज छापल्या जाणाऱ्या प्रमाण प्रतीत १४३० अंगे आहेत आणि कोणत्या अंगावर कोणती ओळ येते हे ठरलेले आहे. अमृतसरची प्रत उघडा की नांदेडची, १३७६ वर तोच मजकूर मिळेल. आपल्याकडे ही सोय नाही. तुकोबांच्या गाथेचा अभंग क्रमांक एका आवृत्तीत एक तर दुसरीत दुसरा असतो, हे आपण जाणताच. जुन्या हस्तलिखित प्रतींत मात्र पानांची संख्या वेगवेगळी होती. अंगाचा आकडा एकसारखा झाला तो छपाईनंतर. अनुवादाच्या खंडांनाही स्वतःचे पृष्ठांक असतात. साहिबसिंगांचे पंजाबी ‘दर्पण’ दहा खंडांचे आहे. अशा ग्रंथातून ओळ घेताना खंडाचे पान न लिहिता समासात किंवा मजकुरात दिलेले मूळ अंग उतरवून घ्यावे.

आता अंग १३७६ उघडू. अगदी वरची ओळ आपल्या दोह्याची आहे, पण ती अर्धीच. हातापायांचा आणि निरंजनाचा भाग तेवढा इथे येतो. त्रिलोचनांना हाक मारणारा पहिला चरण मागच्या अंगाच्या तळाशी, १३७५ वर आहे. म्हणजे पत्ता ‘१३७५-७६’ असा हवा. दोह्याच्या शेवटी २१३ हा क्रमांक आहे आणि तो फार उपयोगी आहे, कारण तो ‘सलोक’ नावाच्या दोह्यांच्या मालिकेतला क्रमांक आहे. मालिका कोणाची हे या पानावर लिहिलेले नाही. एकेक अंग मागे जात राहावे लागते, थेट १३६४ पर्यंत. तिथे मथळा मिळतो, भगत कबीरांचे सलोक. तिथून १३७७ पर्यंत ही एकच मालिका चालते.

बहुतेकांचा शोध इथेच चुकतो. ते सापडलेल्या ओळीच्या आसपास नाव शोधतात. आपल्या दोह्याच्या लगेच खाली ‘महला ५’ असे लिहिलेले आहे. महला ५ म्हणजे पाचवे गुरू अर्जनदेव. पण तो मथळा पुढच्या, २१४ व्या सलोकाचा आहे, आणि गंमत अशी की त्या सलोकात नाव कबीरांचे येते. म्हणजे या एका अंगावर नामदेवांचे नाव असलेला दोहा कबीरांच्या मालिकेत आहे आणि कबीरांचे नाव असलेला दोहा गुरू अर्जनदेवांचा आहे. ओळीतल्या नावावर विसंबणारा दोन्हीकडे फसेल.

आपण वारकरी इथे फसतो याला कारण आहे. आपल्या कानाला नाममुद्रेची सवय आहे. ‘नामा म्हणे’ आले की अभंग नामदेवांचा, ‘तुका म्हणे’ आले की तुकोबांचा. वेगळा मथळा आपण पाहतच नाही. ग्रंथसाहिबात मुद्रा तेवढे सांगू शकत नाही, कारण ज्या गुरूंची वाणी त्यात आहे ते सगळेच ‘नानक’ हीच मुद्रा वापरतात. पद पहिल्या नानकांचे की नवव्या तेगबहादुरांचे हे ‘महला’ पुढच्या आकड्यावरूनच कळते. संतांच्या वाणीलाही तसाच मथळा असतो. तेव्हा नियम असा की ओळीपासून वर जात पहिला लागू पडणारा मथळा गाठायचा. कितीही अंगे मागे जावे लागले तरी.

नुसते अंगही पुरत नाही. अंग ६९५ वर राग धनाश्रीत त्रिलोचन, सेना, पीपा आणि धन्ना या चौघांची पदे आहेत. ‘अंग ६९५’ एवढेच लिहिले तर वाचकाने कोणाचे पद समजायचे? राग, कर्ता आणि अंग ही तिन्ही हवीत. आपल्या दोह्यापुरते लिहायचे तर ‘सलोक, भगत कबीर, २१३, अंग १३७५-७६’.

कोणी म्हणेल, बोल तर नामदेवांचेच आहेत ना! ते बोल कबीरांच्या मालिकेत संवादाच्या रूपात आले आहेत. त्याआधीच्या २१२ व्या सलोकात त्रिलोचन विचारतात की नाम्या, मायेत गुंतून कापडे छापत का बसला आहेस? २१३ हे त्याचे उत्तर. ‘छापत’ हा शब्द पाहा. आपले नामदेव शिंपी. उत्तरेत त्यांना छीपा, म्हणजे कापड छापणारा, म्हणतात. ही उत्तरेत रुळलेली कथा आहे आणि ग्रंथ ती कबीरांच्या नावाखाली देतो. नामदेवांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेल्या संताने त्यांची आठवण कशी ठेवली, याचा तो पुरावा आहे. तो नामदेवांच्या स्वतःच्या पदाच्या जागी वापरला तर दोन्ही गोष्टी हरवतात. स्वतः नामदेवांच्या तोंडून हाच विषय हवा असेल तर राग आसा, अंग ४८५ पाहावे. तिथे मन हा गज, जीभ ही कात्री, असे शिंपीकामच भजन झाले आहे, आणि मथळाही नामदेवांचाच आहे.

असाच दुसरा सापळा त्याच रागात दोनच अंगे पुढे आहे. अंग ४८७ वर एक पद नामदेवांच्या नावाने सुरू होते आणि अर्ध्या दामाचा छीपा लाखमोलाचा झाला असे सांगते. ते धन्नांच्या पदांमध्ये बसवलेले आहे, शेवटी नावही धन्नांचे येते. मथळा मात्र ‘महला ५’. म्हणजे ती गुरू अर्जनदेवांनी केलेली संतस्तुती आहे. ती ना नामदेवांची, ना धन्नांची.

संगणकावर किंवा मोबाइलवर शोधताना प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर गुरुमुखीत देऊन ओळ मिळवता येते. पण मराठी पुस्तकांत शब्द बदललेले, मागेपुढे झालेले असतात. मग अक्षरे जुळत नाहीत आणि ओळ ग्रंथात नाहीच असे वाटते. अशा वेळी ‘त्रिलोचन’सारखा एखादा पक्का शब्द घेऊन शोधावे, आणि त्याचेही ग्रंथातले रूप ‘तिलोचन’ असे असू शकते हे ध्यानात ठेवावे.

एक झटपट कसोटीही आहे. ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, १८ रागांत विखुरलेली. पहिले राग गौडीत अंग ३४५ वर, शेवटची राग प्रभातीत १३५०-५१ वर. प्रत्येक रागात आधी गुरूंची वाणी येते, संतांची शेवटी, आणि त्यांतही बहुधा कबीर आधी, मग नामदेव. रागांचा भाग १३५३ वर संपतो. ‘संत नामदेव’ या नावापुढे त्याहून मोठा आकडा दिसला, तर मागची पाने चाळायला घ्यावीत.