चार ओळींचं ओतकाम

कारखान्यात माणूस घेताना समोर येणारे बायोडेटा बहुतेक एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. डाउनटाइम इतके टक्के कमी केला, रिजेक्शन निम्म्यावर आणलं, लाखोंची बचत केली. अशा पानांच्या गठ्ठ्यातून एखादं पान मात्र पुन्हा वाचावंसं वाटतं. कोल्हापूरकडच्या एका ग्रे आयर्न फौंड्रीतल्या उत्पादन अभियंत्याचं असंच एक पान घेऊ. तो ओळखू येऊ नये म्हणून आकडे बदलले आहेत, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तेवढं तसंच ठेवलं आहे. पान इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो. शिक्षण आणि संवादकौशल्य वगैरे सोडून दिलं तर कामाच्या ओळी चारच.

पहिली ओळ अशी: यिल्ड 60 वरून 66.7 टक्के, एका बॉक्समध्ये ओतायचा धातू 40 किलोवरून 36 किलो, मोल्ड हार्डनेस आधी 78 वरून 88 केला.

औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात यिल्ड म्हणजे शंभरातले चांगले नग. फौंड्रीत तसं नाही. इथे ओतलेल्या एकूण धातूपैकी कास्टिंगमध्ये किती गेला, ते यिल्ड. उरलेला धातू रनर आणि रायझरमध्ये थिजतो, तोडला जातो आणि परत भट्टीत जातो. या बॉक्समध्ये 12 किलोची दोन कास्टिंग निघतात, म्हणजे 24 किलो. 40 किलो ओतले तर 60 टक्के, 36 ओतले तर 66.7. हिशेब तिथल्या तिथे पडताळता येतो. लिहिणाऱ्याने किलो दिले नसते तर नुसत्या टक्क्यांवर विश्वास टाकावा लागला असता.

पण या ओळीत मला सगळ्यात आवडला तो ‘आधी’. रायझर म्हणजे कास्टिंग थिजत असताना त्याला धातू पुरवणारा साठा. तो लहान केला की यिल्ड वाढतं, हे कुणीही सांगेल. मग आतून श्रिंकेजची पोकळी पडते, हेही. ग्रे आयर्नची गंमत अशी की थिजताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, फुगतो आणि आकसण्याची बरीचशी भरपाई स्वतःच करतो. त्यासाठी वाळूच्या साच्याची भिंत पक्की हवी. साचा मऊ असेल तर फुगवटा भिंतीला बाहेर ढकलण्यात वाया जातो, कास्टिंग जाड होतं आणि आत पोकळी राहते ती राहतेच. म्हणजे आधी वाळू, ओलावा आणि दाब सुधारून साचा कडक करायचा, मग रायझरला हात लावायचा. उलट क्रमाने गेलेला माणूस महिनाभर यिल्डचा आलेख मिरवतो आणि पुढचे तीन महिने ग्राहकाकडून परत आलेला माल मोजतो. इथे एका छोट्या शब्दातून कळतं की या माणसाला धातू कळतो.

दुसरी ओळ: मोल्डिंग लाइन बंद राहण्याचे तास महिन्याला 62 वरून 38, धातूची वाट 21 वरून 9, बिघाड 27 वरून 18, पॅटर्न बदल 14 वरून 11.

डाउनटाइमच्या आकड्यात लबाडीला सर्वांत जास्त वाव असतो. पॅटर्न बदलण्याचा वेळ ‘नियोजित’ म्हणून वगळा, धातूची वाट भट्टीवाल्यांच्या खात्यात टाका, आकडा आपोआप गोजिरा होतो. या पठ्ठ्याने तिन्ही खाती उघडी ठेवली आहेत आणि बेरीज जुळते. पण खरी मजा पहिल्या ओळीशी ताडून वाचण्यात आहे. साचे तयार आहेत आणि लॅडल येत नाही, याला धातूची वाट म्हणतात. 500 किलोच्या हीटमध्ये 40 किलोचे 12 बॉक्स भरायचे, 36 किलोचे 13 भरतात. भट्टी तीच, वीज तीच, पण दर हीटमागे एक बॉक्स जास्त. वाट पाहण्याचे तास सर्वांत जास्त का घटले, याचा मोठा भाग इथेच आहे. ही सुधारणा मेंटेनन्सची म्हणून खपवता आली असती. त्याने ती वेगळी मांडली आणि ओळींचा क्रमही तसाच ठेवला.

तिसरी ओळ छोटी आहे: रिजेक्शन 5 वरून 4 टक्के, जुलै ते सप्टेंबरची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी, ग्राहकाच्या मशीनिंगमध्ये निघालेले नग धरून. एका टक्क्याची सुधारणा, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या महिन्यांचं मोल कळेल. दमट हवेत कोअर ओल ओढून घेतात, ओतताना त्यातून वायू सुटतो आणि ब्लो होल वाढतात. ऑगस्टशी फेब्रुवारी ताडून पाहिला की काहीही न करता सुधारणा दिसते. आणि मशीनिंगची अट तर पहिल्या ओळीची जामीनकीच आहे. श्रिंकेज फेटलिंगच्या टेबलावर दिसत नाही, ग्राहकाचं टूल आत शिरल्यावर उघडं पडतं, तेही अनेकदा काही आठवड्यांनी. रायझर लहान करणाऱ्याने हे नग मोजलेच पाहिजेत.

चौथी ओळ वाचताना मी कॅल्क्युलेटर काढला. दर 100 टन चांगल्या मालामागे बचत सुमारे 1 लाख 15 हजार रुपये, फक्त वितळणखर्च. यिल्ड आणि रिजेक्शन एकत्र धरले तर 100 टन चांगल्या मालासाठी पूर्वी साधारण 175 टन धातू वितळवावा लागे, आता 156. वाचले 19 टन. भंगार 40 रुपये किलो धरून याचे साडेसात लाखांहून अधिक रुपये लावायचा मोह कुणालाही होईल, आणि अनेक बायोडेट्यांत तो झालेला दिसतो. पण हे 19 टन कुठे गेलेच नव्हते. ते रनर-रायझर आणि फेकलेले नग बनून भट्टीतच परतत होते. वाचली ती पुन्हा वितळवण्याची वीज, टनाला सुमारे 600 युनिट आणि युनिटला 8 रुपये धरले तर 92 हजार. आणि दर वितळणीत जळून, स्लॅगमध्ये जाऊन होणारी घट, 3 टक्के धरली तर 23 हजार. बेरीज त्याच्याच आकड्यावर येते. फेकलेल्या नगांवर झालेला वाळूचा, कोअरचा, मजुरीचा खर्च त्याने धरलेला नाही. ‘फक्त’ लिहून तसं सांगितलं आहे. बचतीचा आकडा स्वतःहून सहा-सातपट लहान लिहिणारा माणूस हिशेबनीसाच्या टेबलासमोर बसून आलेला असतो.

आता दोष. पॅटर्न बदल 14 तासांवरून 11 तासांवर आला, पण महिन्यात बदल किती झाले हे कुठेच नाही. आधी 28 बदल अर्ध्या अर्ध्या तासाचे असतील आणि आता 22 तेवढ्याच वेळाचे, तर सुधारणा शून्य. ग्राहकाने मोठ्या लॉटच्या ऑर्डरी दिल्या, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या ओळींत इतकी काळजी घेणाऱ्याने इथे भाजक सोडावा, हे खटकतं. तीच गोष्ट एकूण 62 आणि 38 ची. लाइन दोन्ही महिन्यांत सारखेच तास चालवायची ठरली होती का? मुलाखतीला बोलावलं तर चहा येण्याआधी हे दोनच प्रश्न विचारायचे, आणि उत्तर तोंडी नको, शिफ्टची लॉगबुकं मागवायची.