बेणारेचे दहा सेकंद

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा (1967) शेवट आठवा. बचावासाठी काशीकर बेणारेला दहा सेकंद देतात. रंगमंचावर बाकीचे सगळे थिजतात, प्रकाश बदलतो आणि ती कितीतरी मिनिटं बोलते. मग काशीकर म्हणतात, वेळ संपली. म्हणजे तिचं बोलणं तिथल्या कोणी ऐकलेलंच नाही.

पटकथेत मी हे स्वगत जवळपास सगळं काढेन. थिजलेली माणसं कॅमेऱ्यासमोर खोटी दिसतात, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची वाक्यं क्लोजअपमध्ये भाषण होतात. त्याऐवजी खरेच दहा सेकंद घ्यावेत. ती बसल्या जागीच राहील, कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याशी जाईल. मिसेस काशीकरांचं विणकाम मात्र थांबणार नाही. चौकटीबाहेरून सुयांची टिकटिक ऐकू येत राहील. सभागृह दाखवायला तेवढं पुरे.

यात नुकसान आहेच. स्वगत गेलं की मामा आणि प्राध्यापकाबद्दलची तिची बाजूही जाते, प्रेक्षकाकडे फक्त आरोप उरतात. त्यामुळे त्यातली दोन-तीन वाक्यं बरीच आधी, खटला सुरू होण्यापूर्वी सामंतशी गप्पा मारताना, तिने हसत हसत बोलून टाकायला हवीत.